परीक्षा पुढे ढकलायला मेडिकल सर्टिफिकेट द्यायचंय, पण आजाराचं नाव उघड करायचं नाही

केळीबाग | २५ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या भाचीचा आहे, भावाच्या मुलीचा. तिला विचारूनच इथे लिहितेय. तिची अट एकच: "आत्या, गाव, कॉलेज आणि आजार यातलं काही लिहायचं नाही." तेव्हा आम्ही जळगाव जिल्ह्यातले, एवढंच समजा.

पोरगी १९ वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. १४ मार्चला अचानक भरती करावं लागलं, सुरुवातीला आयसीयूत होती. २ एप्रिलला डिस्चार्ज मिळाला. पेपर ९ एप्रिलपासून २१ पर्यंत होते. ८ तारखेला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, परीक्षेला बसवू नका. नाही बसवलं. परवा २२ तारखेला परत दाखवून आणलं, अजून अशक्तपणा आहेच.

आता कॉलेजात अर्ज द्यायला भाऊ गेला. सोबत हॉस्पिटलचं सर्टिफिकेट होतं. त्यात इंग्रजीत दोनच ओळी: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत भरती होती, विश्रांतीचा सल्ला दिला आहे. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "पोरगी दोनला सुटली, पेपर नऊला. मधे सात दिवस. मग अडचण काय?" वर कॉलेजचा छापील फॉर्म आहे, त्यात 'आजाराचे नाव' असा रकाना, आणि खाली 'रिपोर्टच्या प्रती जोडा'. भाऊ नाव लिहायलाच निघाला होता. पोरीने घरून फोन करून थांबवलं. मागे रांगेत आमच्याच गावची तीन-चार पोरं उभी होती.

आजार लाजिरवाणा आहे असं कुणीही समजू नका. पण तिला तो कॉलेजात माहीत व्हायला नको आहे आणि मला ते रास्त वाटतं. आजाराचं नाव न लिहिता सर्टिफिकेट मिळतं का, आणि कॉलेज ते मानतं का?

भरीत_पार्टी | २५ एप्रिल, रात्री १०:०५

ताई, एवढं काय मनावर घेता? आमच्याकडे स्टँडसमोरच एक डॉक्टर बसतात. टायफॉईड लिहून देतात, पाहिजे ती तारीख टाकतात. दोनशे रुपये. पोरं दरवर्षी आणतात, कोण विचारतो भो.

केळीबाग | २५ एप्रिल, रात्री १०:१२

दादा, तिला खरंच आजार झाला होता. खोटं सर्टिफिकेट नकोय मला. खऱ्यातला एक शब्द कमी हवाय.

आवक_जावक | २५ एप्रिल, रात्री १०:५०

मी एका सीनियर कॉलेजच्या परीक्षा विभागात बरीच वर्षं काढली, आता रिटायर आहे. वरचे भरीत_पार्टी म्हणतात तसल्या सर्टिफिकेटांमुळेच खऱ्या पोरांचे हाल होतात. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या टेबलावर 'व्हायरल फीव्हर' आणि 'अ‍ॅक्यूट गॅस्ट्रो'चा ढीग लागायचा. एकाच दवाखान्याच्या लेटरहेडवर, एकाच अक्षरात, सात-सात पोरं. त्यामुळे खिडकीवरचा माणूस संशयाने बघतो.

आता मुद्द्याचं. ताई, आजाराचं नाव लिहावंच लागतं. मेडिकल कौन्सिलचा जो नमुना आहे त्यात आजाराची जागा आहे. आणि सर्टिफिकेट सिव्हिल सर्जनचंच लागतं, खासगी डॉक्टरचं चालत नाही. सिव्हिलला जाऊन काउंटरसाईन करून आणा, काम होईल.

शेवभाजी_जामनेर | २५ एप्रिल, रात्री ११:२०

माझ्या चुलतभावाला मुतखडा झाला होता, तो बँकेत आहे. त्याने तर सोनोग्राफीचा फोटोसुद्धा जोडला होता रजेच्या अर्जाला. काही नाही झालं. लपवण्यासारखं काय असतं त्यात? सर्वांना सांगितलं की लोक मदतच करतात.

निवृत्त_वै_अ | २६ एप्रिल, सकाळी ६:३०

मी सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत. अशी सर्टिफिकेटं शेकड्यांनी लिहिली, म्हणून सविस्तर लिहितो.

शेवभाजी, तुमच्या भावाने स्वतःच्या मर्जीने फोटो जोडला, त्याचा हक्क. या मुलीची मर्जी नाही, तोही हक्कच. विषय तिथे संपतो.

आवक_जावक साहेबांचं अर्धं बरोबर आहे. डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे, तिला जोडलेल्या रजेच्या नमुन्यात 'अमुक आजाराने ग्रस्त' अशी जागा आहे खरी. पण तो नमुना नोकरीच्या रजेचा. त्याच संहितेत ७.१४ क्रमांकाचा नियम आहे की रुग्णाबद्दल उपचार करताना कळलेली गोष्ट डॉक्टरने बाहेर सांगायची नाही. अपवाद मोजके: न्यायालयाने मागितलं, कुणा ठराविक माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका आहे, किंवा सरकारला कळवायचा आजार आहे. आणि तसा आजार असला तरी तो आरोग्य खात्याला कळवायचा असतो, कॉलेजच्या खिडकीला नाही. म्हणजे रुग्णाने हो म्हटलं तर डॉक्टर नाव लिहील, नको म्हटलं तर लिहिणार नाही. मुलगी १९ ची आहे, त्यामुळे हो किंवा नको तिने म्हणायचं. वडिलांनी नाही. हे आपल्याकडे डॉक्टरही विसरतात. बाप समोर खुर्चीत बसलेला असतो, त्यालाच विचारून लिहून टाकतात.

सिव्हिल सर्जनचं म्हणाल तर काही संस्थांचा तसा नियम असतो, सगळ्यांचा नसतो. त्यांच्या नियमात लिहिलेलं असेल तर जावं लागेल. तोंडी सांगत असतील तर नियम दाखवा म्हणावं.

पण ताई, तुमचं पहिलं सर्टिफिकेट परत आलं ते आजाराचं नाव नव्हतं म्हणून नाही. खिडकीवरच्या माणसाने प्रश्न बरोबर विचारला, फक्त मोठ्याने विचारला. भरती दोनपर्यंत, पेपर नऊपासून, आणि कागद नऊ तारखेबद्दल गप्प. 'विश्रांतीचा सल्ला' किती दिवसांचा? त्या विश्रांतीत परीक्षा देता येते की नाही? कॉलेजला आजार कळायची गरज नाही, पण हे दोन प्रश्न विचारायचा त्यांना अधिकार आहे.

केळीबाग | २६ एप्रिल, सकाळी ७:१५

डॉक्टर साहेब, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग हॉस्पिटलमधून नेमकं काय लिहून आणायचं? तिथले डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत शंभर माणसं बसलेली असतात. दोन मिनिटांत सांगावं लागेल.

धुळेकर_आप्पा | २६ एप्रिल, सकाळी ७:४०

मी म्हणतो मुलीला झालं तरी काय होतं? मानसिक काही होतं का? तसं असेल तर वेगळा कायदा आहे, म्हणून विचारतो.

चावडी_व्यवस्थापक | २६ एप्रिल, सकाळी ७:५५

आप्पा, पहिली पोस्ट परत वाचा. आजाराचा अंदाज बांधणारे आणखी दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत. धागा त्या मुलीचा आहे, कोडं सोडवायचा नाही.

धुळेकर_आप्पा | २६ एप्रिल, सकाळी ८:०२

तुम्हनं बरोबर शे. माघार घेतो.

निवृत्त_वै_अ | २६ एप्रिल, सकाळी ८:४५

आप्पांचा कायद्याचा मुद्दा मात्र खरा आहे, म्हणून सांगून टाकतो. मानसिक आजार आणि एचआयव्ही या दोन्हींसाठी २०१७ चे दोन वेगळे कायदे आहेत आणि त्यांत गोपनीयता आणखी कडक आहे. पण बाकीच्या आजारांना गोपनीयता नाही असा त्याचा अर्थ होत नाही. मला स्वतःला हिचा आजार माहीत नाही आणि खालचा मजकूर लिहायला तो लागलाही नाही.

मी असतो तर असं लिहिलं असतं. डॉक्टर इंग्रजीत लिहितील, पण मजकूर हाच:

"कु. ______, वय १९, सही खाली आहे, ओळखखूण: ______. रुग्णालयाच्या नोंदीनुसार त्या १४ मार्च ते २ एप्रिल या काळात गंभीर आजारासाठी आंतररुग्ण म्हणून दाखल होत्या, आंतररुग्ण क्रमांक ______. त्यानंतर मी त्यांना ८ एप्रिल आणि २२ एप्रिल रोजी तपासले. दोन्ही वेळच्या तपासणीवरून माझे मत असे की ९ ते २१ एप्रिल या काळात त्या सलग तीन तास बसून लेखी परीक्षा देण्यास वैद्यकीयदृष्ट्या असमर्थ होत्या. त्यांना २० मेपर्यंत विश्रांती आवश्यक आहे. २० मेच्या सुमारास फेरतपासणी करून परीक्षेस योग्य असल्याबाबत वेगळे प्रमाणपत्र देण्यात येईल. रुग्णाच्या इच्छेनुसार निदानाचा उल्लेख केलेला नाही. हे प्रमाणपत्र परीक्षेच्या कामासाठी दिले आहे."

खाली डॉक्टरची सही, नाव, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि ज्या दिवशी लिहिलं ती तारीख.

यातला जीव कुठे आहे ते बघा. "८ एप्रिल आणि २२ एप्रिल रोजी तपासले" या वाक्यात. पेपर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आणि संपल्यावर दुसऱ्या दिवशी डॉक्टरने स्वतः पाहिलंय, म्हणून मधल्या काळाबद्दल तो छातीठोक बोलू शकतो. समजा ८ तारखेला नेलंच नसतं, तर डॉक्टरला फार तर लिहिता आलं असतं की 'रुग्णाच्या सांगण्यानुसार अशक्तपणा होता'. तसं सर्टिफिकेट समितीपुढे टिकत नाही आणि टिकूही नये.

दुसरं म्हणजे असमर्थ का, हे आजाराच्या नावाने न सांगता शरीराच्या भाषेत सांगता येतं. तीन तास बसवत नाही, लिहिताना हात थरथरतो, औषधाने गुंगी येते, यातलं जे खरं असेल तेवढंच. मात्र गुंगीचा उल्लेख करायचा की नाही ते मुलीला विचारा. कधी कधी त्यावरूनही लोक तर्क काढतात. मी म्हणून वर फक्त तीन तास बसण्याचं लिहिलं.

ओळखखूण संहितेप्रमाणे लागतेच. पण ऑपरेशनचा व्रण लिहू नका, तो स्वतःच बोलतो. हातावरचा, मानेवरचा तीळ लिहा.

भरीत_पार्टी | २६ एप्रिल, सकाळी १०:१०

डॉक्टर साहेब, माझं कालचं सोडा. पण सर्टिफिकेटवर ८ एप्रिलचीच तारीख टाकून घेतली तर काय बिघडलं? तपासलं तर खरंच त्या दिवशी. कॉलेजला पण वाटेल की वेळेवर काढलं.

निवृत्त_वै_अ | २६ एप्रिल, सकाळी १०:३५

बिघडेल असं: डॉक्टरला दिलेल्या सर्टिफिकेटांचं रजिस्टर ठेवावं लागतं आणि प्रत्येकाची प्रत ठेवावी लागते. अनुक्रमांक ओळीने चालतो. २७ तारखेला दिलेल्या कागदावर ८ तारीख टाकली तर त्याचा क्रमांक २६ तारखेच्या सर्टिफिकेटानंतरचा येतो. कॉलेजने चौकशीचं पत्र पाठवलं की पहिल्या फटक्यात उघडं पडतं. मग जे खरं आहे तेही खोटं ठरतं, आणि डॉक्टरवर खोट्या सर्टिफिकेटचं कलम, ७.७, लागतं ते वेगळं. शिवाय ८ तारखेच्या कागदात '२१ पर्यंत असमर्थ होत्या' असं भूतकाळात कसं लिहिणार?

मागच्या काळाबद्दल आज लिहिणं गैर नाही. आजच्या तारखेने, जुन्या नोंदींच्या आधारे लिहायचं. गैर आहे ती खोटी तारीख.

आवक_जावक | २६ एप्रिल, दुपारी १२:२०

डॉक्टर साहेबांचा मजकूर चांगला आहे. मी समितीवर असतो तर मानला असता, कारण आंतररुग्ण क्रमांक, तपासणीच्या तारखा आणि नोंदणी क्रमांक आहे, म्हणजे पडताळा करता येतो. निदान न लिहिलेलं सर्टिफिकेट संशयास्पद वाटतं ते बाकीचं पण काही लिहिलेलं नसतं तेव्हा. माझं कालचं वाक्य तेवढं सैल करतो. पण सगळ्याच समित्या मानतील याची हमी मी देणार नाही.

आता ऑफिसात माहिती फुटते कुठे ते माझ्याकडून ऐका, कारण डॉक्टरांना ते दिसत नाही.

पहिली जागा म्हणजे अर्जाचा 'विषय'. अर्ज आला की आवक रजिस्टरमध्ये नोंद होते आणि क्लार्क विषयाची ओळ जशीच्या तशी उतरवतो. पोरं लिहितात 'विषय: अमुक आजारामुळे परीक्षेस गैरहजर राहिल्याबाबत'. झालं! ते रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं, शिपायापासून शेजारच्या टेबलावर डबा खाणाऱ्यापर्यंत सगळे वाचतात. आणि रजिस्टरमधली नोंद नंतर खोडता येत नाही. तेव्हा विषय लिहा: 'वैद्यकीय कारणास्तव परीक्षेस गैरहजर राहिल्याबाबत'. बास.

दुसरी जागा, डिस्चार्ज कार्ड. पालक काळजीपोटी सगळी फाईल झेरॉक्स करून जोडतात. कार्डावर निदान असतं, वॉर्डाचं नाव असतं, औषधं असतात. औषधांच्या बिलावरूनही मेडिकलवाल्या पोराला दोन मिनिटांत कळतं. आम्ही कधीच मागितली नसताना लोक बिलं जोडायचे. अर्जाला सर्टिफिकेट सोडून काही जोडू नका.

फॉर्ममधला आजाराच्या नावाचा रकाना रिकामा ठेवू नका, रिकाम्या रकान्यावर त्रुटी निघते. तिथे लिहा: 'गंभीर आजार, रुग्णालयात दाखल, प्रमाणपत्र सोबत'. रिपोर्टच्या जागी: 'गोपनीय, आवश्यक वाटल्यास प्राचार्यांना समक्ष दाखवू'.

सातपुडा_७७ | २६ एप्रिल, दुपारी १:०५

झेरॉक्सवाला विसरला तुम्ही. आमच्याकडे सगळे मोबाईलवरून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपला फोटो पाठवतात आणि प्रिंट काढतात. तो फोटो त्याच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये राहतो. कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला म्हणजे सगळ्या कॉलेजचा मित्र. माझ्या वर्गातल्या एकीचं सर्टिफिकेट असंच कुणीतरी वर्गाच्या ग्रुपवर टाकलं होतं. 'काळजी घे गं' म्हणून टाकलं होतं, वाईट हेतू नव्हता. पण ती नंतर महिनाभर कॉलेजला आली नाही. हाताने कागद न्या, समोर उभं राहून झेरॉक्स काढा, खराब निघालेली प्रतसुद्धा घरी आणा.

केळीबाग | २६ एप्रिल, दुपारी ३:३०

किती बारीकसारीक गोष्टी आहेत यात. सगळ्यांचे आभार.

दोन अडचणी अजून आहेत. एक, हॉस्पिटलच्या लेटरहेडवर वरतीच विभागाचं नाव छापलेलं आहे. ते बघून कुणालाही कळेल. दुसरी, कॉलेज म्हणतंय की परीक्षेच्या आधी कळवलं नव्हतं. भावाने ८ तारखेला एका सरांना व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं, मेसेज आहे अजून. पण त्यात त्याने आजाराचं नाव लिहून ठेवलंय. पुरावा म्हणून तो मेसेज द्यायचा तर सगळंच मुसळ केरात.

निवृत्त_वै_अ | २६ एप्रिल, सायंकाळी ५:१०

लेटरहेडचं सोपं आहे. हॉस्पिटलला बहुतेक दोन लेटरहेड असतात, एक विभागाचं आणि एक पूर्ण हॉस्पिटलचं. पूर्ण हॉस्पिटलच्या लेटरहेडवर मागा. उपचार करणाऱ्या डॉक्टरची सही आणि वर वैद्यकीय अधीक्षकांची प्रतिस्वाक्षरी घेतलीत तर कागदाचं वजनही वाढतं. शिक्क्यात डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक असला की काम भागतं, 'अमुक रोगतज्ज्ञ' लिहिलेला शिक्काच मारायची सक्ती नाही.

पण हॉस्पिटलच एकाच आजाराचं असेल तर लेटरहेड बदलून उपयोग नाही, नावातच सगळं आलं. अशा वेळी मी सुचवायचो की पुढचा उपचार ज्या फॅमिली डॉक्टरकडे चालू आहे, त्याने डिस्चार्ज कार्ड पाहून आणि मुलीला स्वतः तपासून सर्टिफिकेट द्यावं. त्याने 'मी ८ तारखेला तपासले' असं मात्र लिहायचं नाही, तपासलं नसेल तर. 'रुग्णालयाच्या नोंदी पाहिल्या, त्यानुसार' एवढंच. हे थोडं कमी वजनाचं होतं. कमी वजन घ्यायचं की नाव उघडं करायचं, हे मुलीने ठरवावं.

आणखी एक. कॉलेजने पडताळणीला फोन केला तर फोनवर काही सांगायचं नाही हे हॉस्पिटलला आधीच सांगून ठेवा. कॉलेजने लेखी विचारावं, सर्टिफिकेटची प्रत जोडावी, हॉस्पिटलने 'हे आम्हीच दिलेले आहे' एवढं लेखी कळवावं. मुलीने त्यापुरती संमती लिहून द्यावी आणि संमतीत 'फक्त खरेपणाच्या पडताळणीसाठी' हे शब्द घालावेत. रिसेप्शनवरची मुलगी भोळेपणाने सगळं सांगून टाकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आवक_जावक | २६ एप्रिल, सायंकाळी ६:००

मेसेजचं माझ्याकडे उत्तर आहे. मेसेज जोडू नका. त्या सरांकडून दोन ओळी लिहून घ्या: 'विद्यार्थिनीच्या पालकांनी ८ एप्रिल रोजी वैद्यकीय कारणाने परीक्षेस बसू शकत नसल्याचे मला कळवले होते.' सही, तारीख. विभागप्रमुख असतील तर उत्तमच. कॉलेजला तारीख हवी असते, मेसेजचा मजकूर नाही. आणि भावाला सांगा, सरांना तो मेसेज डिलीट करायची विनंती करा. आता 'सगळ्यांसाठी डिलीट' होणार नाही, इतके दिवस झाले. सरांनाच त्यांच्या फोनमधून काढावा लागेल.

सातपुडा_७७ | २६ एप्रिल, सायंकाळी ६:२०

सर नाही म्हणाले तर? आमच्याकडे सही मागितली की सर लोक सुट्टीवर जातात.

आवक_जावक | २६ एप्रिल, सायंकाळी ६:३५

तर त्या मेसेजचा स्क्रीनशॉट प्राचार्यांना केबिनमध्ये फोनवरच दाखवायचा, प्रत द्यायची नाही. प्राचार्य अर्जावर 'मूळ संदेश पाहिला' असा शेरा मारू शकतात. मी असे शेरे पाहिलेत. सगळे प्राचार्य मारतीलच असं नाही.

अर्ज खिडकीवर देऊच नका. बंद पाकीट, वर 'गोपनीय, प्राचार्यांनी स्वतः उघडावे', आणि पाकिटाचीच आवक घ्या. आवक क्रमांक आणि तारीख तुमच्या प्रतीवर आलीच पाहिजे, त्याशिवाय हलायचं नाही. गोपनीय पाकिटाची आवक घेता येते, क्लार्क नाही म्हणाला तर त्याला माझं नाव सांगू नका, पण घेता येते.

शेवभाजी_जामनेर | २६ एप्रिल, रात्री ८:१५

बरं एवढं सगळं करून पेपर परत होणार का? का एटीकेटीच लागणार? मुख्य प्रश्न तर तोच.

आवक_जावक | २६ एप्रिल, रात्री ९:००

हा खरा प्रश्न आणि इथे ताईंना खोटी आशा दाखवणार नाही. कॉलेजच्या हातात जे आहे ते म्हणजे अंतर्गत परीक्षा आणि बऱ्याचदा प्रॅक्टिकल. ती वैद्यकीय कारणाने वेगळी घेता येतात, माझ्या काळात आम्ही घेतली आहेत. लेखी पेपर विद्यापीठाचे. एका मुलीसाठी विद्यापीठ स्वतंत्र पेपर काढेल असं मला वाटत नाही. बहुतेक पुढच्या परीक्षेलाच बसावं लागतं.

मग सर्टिफिकेटचा उपयोग काय? तर गैरहजेरी 'वैद्यकीय कारणाने' म्हणून नोंदवण्याची विनंती करा, हजेरी कमी भरली असेल तर ती माफ करण्याची विनंती करा, परीक्षा फी पुढच्या परीक्षेला धरता येते का ते विचारा. शिष्यवृत्ती असेल तर तिथेही हाच कागद लागेल. या चारही गोष्टी एकाच अर्जात, वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. प्राचार्यांना विद्यापीठाकडे शिफारस पाठवायला सांगा आणि त्या शिफारसपत्रातही आजाराचं नाव नको, हे अर्जात स्पष्ट लिहा. लोक इथेच चुकतात. कॉलेजपर्यंत सांभाळतात आणि मग कॉलेजचंच पत्र सगळं उघडं करतं.

निवृत्त_वै_अ | २६ एप्रिल, रात्री ९:४०

आणि विद्यापीठाने निदान हवंच म्हटलं तर? तर मुलीने आधी ठरवावं की कुणाला, किती. माझं मत: निदानाचा वेगळा कागद, वेगळ्या बंद पाकिटात, परीक्षा नियंत्रकांच्या पदनामाने, डॉक्टरने स्वतः पाठवायचा. अर्जाच्या फाईलला लावायचा नाही. किंवा त्यांच्या वैद्यकीय मंडळापुढे तिला तपासून घ्या म्हणावं. मंडळाचा डॉक्टर निदान बघेल आणि वर फक्त 'योग्य' की 'अयोग्य' कळवेल.

आवक_जावक | २६ एप्रिल, रात्री ९:५५

साहेब, कागदावर छान आहे. पण बंद पाकीट विद्यापीठाच्या आवकमध्ये उघडलं जातंच. मी 'गोपनीय' लिहिलेली पाकिटं टाचणी काढलेली परत आलेली पाहिलीत. माझं म्हणणं, निदानाचा कागद शक्यतो जाऊच देऊ नये.

निवृत्त_वै_अ | २६ एप्रिल, रात्री १०:१०

मग पेपर नाकारला जाण्याचा धोका तिने घ्यायचा. तेही तिच्यावर सोडू. आपलं दोघांचं एकमत होणार नाही यावर.

केळीबाग | ४ मे, दुपारी २:१५

उशिरा लिहितेय. २७ ला हॉस्पिटलमध्ये गेलो. भाचीने स्वतः डॉक्टरांना सांगितलं, भाऊ बाहेर बसला. (त्याला थोडा राग आला होता. नंतर चहा घेताना गेला.) इथला मजकूर कागदावर लिहून नेला होता. डॉक्टरांनी वाचला, 'तीन तास' कापून 'एक तासापेक्षा जास्त' केलं, कारण त्यांच्या मते तेच जास्त खरं होतं. पूर्ण हॉस्पिटलच्या लेटरहेडवर दिलं, २७ तारखेचंच. ओळखखूण म्हणून डाव्या मनगटावरचा तीळ लिहिला. अधीक्षकांच्या प्रतिस्वाक्षरीला मात्र दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.

कॉलेजात बंद पाकिटाची आवक घ्यायला कुरकुर झाली, पण घेतली. सरांनी दोन ओळी लिहून दिल्या. प्राचार्यांनी बोलावलं, दार लावून बोलले, रिपोर्ट मागितले नाहीत. प्रॅक्टिकल आणि अंतर्गत परीक्षा जूनमध्ये घेऊ म्हणाले. लेखी पेपरांचं पत्र विद्यापीठाकडे पाठवलंय. त्या पत्राची प्रत आम्हाला दिली नाही, त्यामुळे त्यात काय लिहिलंय ते ठाऊक नाही. ती प्रत मागता येते का?

आवक_जावक | ४ मे, सायंकाळी ५:३०

येते. मुलीने स्वतःच्या सहीने अर्ज करावा, 'माझ्या अर्जावरील शिफारसपत्राची प्रत मिळावी'. जावक क्रमांकही विचारा, त्यावरूनच विद्यापीठात पत्र शोधता येईल. प्रत उद्याच मागा. पत्रात नको ते लिहिलेलं असलं तर ते विद्यापीठात फाईलला लागायच्या आत बदलून घेता येईल.

केळीबाग | ४ मे, सायंकाळी ६:०५

उद्या सकाळी जातो. २० मेच्या तपासणीनंतर परीक्षेस योग्य असल्याचं जे सर्टिफिकेट मिळेल, त्यालाही हाच मजकूर चालेल का?

निवृत्त_वै_अ | ४ मे, रात्री ८:२०

ते वेगळं. त्यात मागचं काहीच लिहायचं नाही. 'अमुक तारखेला तपासले, अमुक तारखेपासून लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा देण्यास योग्य' एवढी एकच ओळ. मात्र प्रॅक्टिकलला तिला चार तास उभं राहावं लागणार असेल तर बसायला स्टूल द्यावं, मधे विश्रांती द्यावी, हे त्यातच लिहून घ्या. नंतर वेगळं मागायला गेलात की पुन्हा 'का हो, काय झालं होतं?' सुरू होतं.